सुंठ खरंच आल्यापेक्षा जहाल असते का? वाळताना जिंजरॉलचं नेमकं काय होतं?

किसणी

गेल्या आठवड्यात जून आलं घरी वाळवलं. साल खरवडून काट्यावर ५२० ग्रॅम भरलं. ३ मिलिमीटर जाडीचे आडवे काप केले आणि डिहायड्रेटरमध्ये ५५ अंशांवर ठेवले. काप वाकवला की न वाकता कट्‌कन मोडायला लागला तेव्हा थांबले, त्याला साधारण १४ तास लागले. शेवटी वजन भरलं ८८ ग्रॅम. मग दळून, चाळून बरणीत भरली.

चिमूटभर पूड जिभेवर ठेवली तर आधी काहीच नाही, मग घशाशी जी आग सुरू झाली ती पाच मिनिटं राहिली. ताजं आलं चावलं की तसं होत नाही. ते लगेच जिभेच्या शेंड्याला झोंबतं, नाकात लिंबासारखा वास जातो आणि लवकर विझतं.

म्हणून प्रश्न. सुंठ जास्त तिखट लागते ती फक्त पाणी उडून गेल्यामुळे, की वाळताना जिंजरॉल स्वतःच बदलतं म्हणून? दोन्ही असेल तर कशाचा वाटा किती? "सुंठ आल्याच्या दुप्पट" असं सगळीकडे वाचते, पण दुप्पट म्हणजे कशाच्या? चमच्याला चमचा, ग्रॅमला ग्रॅम की आणखी काही?

---

पानगळ

सोपं आहे. आल्यात जिंजरॉल असतं, वाळवलं की त्याचं शोगॉल होतं. शोगॉल जिंजरॉलच्या दुपटीहून जास्त तिखट. म्हणून सुंठ दुप्पट तिखट. सुंठीत जिंजरॉल उरतच नाही, सगळं शोगॉल.

---

मधली वाट

माझा अनुभव उलटा आहे. गरम दुधात आलं किसून घातलं की दूध नासतं, सुंठ घातली तर कधीच नासत नाही. म्हणजे ताजं आलंच जास्त जहाल असणार ना? सुंठीत तेवढी आम्लता राहत नसावी.

---

तेलराळ

मसाल्यांचे अर्क काढण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यात आलं-सुंठ रोजची. किसणी, तुम्ही वजनं टिपून ठेवलीत ते फार बरं केलंत, त्यावरच उत्तर देता येईल.

आधी मधली वाट यांचं. दूध नासतं ते तिखटपणामुळे नाही आणि आम्लतेमुळेही नाही. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं, दुधातलं केसीनसुद्धा. वाळवताना आणि साठवणीत त्याचा जोर बहुतेक संपतो, म्हणून सुंठीने दूध नासत नाही. आलं आधी पाण्यात खळखळून उकळा आणि मग त्यात दूध घाला, नासणार नाही, कारण उकळीत विकर मरतं. तिखटपणा मात्र तसाच लागेल. म्हणजे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. पानगळ यांचं निम्मं बरोबर आहे. वाळताना जिंजरॉलचं शोगॉल होतं हे खरं, पण सगळ्याचं होत नाही. सावकाश, कमी उष्णतेवर वाळवलेल्या सुंठीत बहुतेक वेळा जिंजरॉलच जास्त सापडतं आणि शोगॉल त्याच्या मागे असतं. ताज्या आल्यात शोगॉल नावालाच असतं, त्यामुळे सुंठीत ते एकदम वाढल्यासारखं दिसतं आणि लोक समजतात की सगळंच बदललं.

बदल होतो तो असा. ६-जिंजरॉलच्या रेणूत एका कार्बनला OH चिकटलेला असतो. उष्णता मिळाली की तो OH शेजारच्या कार्बनवरचा एक H घेऊन पाणी म्हणून निघून जातो आणि मागे दुहेरी बंध राहतो. C₁₇H₂₆O₄ चं C₁₇H₂₄O₃ होतं. फरक बरोबर एका H₂O चा. गंमत बघा, आल्याच्या कापातलं पाणी उडतं ते वेगळं आणि रेणूच्या पोटातून निघतं ते वेगळं. वाळवताना पहिलं जवळजवळ सगळं जातं, दुसरं थोडंच.

---

किसणी

तेलराळ, हे दोन पाण्यांचं मला आत्तापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मग माझ्या ८८ ग्रॅमवर हिशेब मांडून दाखवाल का?

---

तेलराळ

मांडतो. ५२० चे ८८ झाले, म्हणजे साधारण ६ ग्रॅम आल्याची १ ग्रॅम सुंठ. पुडीत अजून १० टक्के ओल धरली तर कोरडा भाग ७९ ग्रॅम येतो. म्हणजे तुमच्या आल्यात पाणी होतं ८५ टक्क्यांच्या आसपास. जून आल्याला हे साजेसं आहे. कोवळ्या आल्यात पाणी आणखी जास्त असतं, तेव्हा हाच हिशेब ८ ला १ वर जाऊ शकतो.

पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमच्या आल्यात तेवढेच असतील असं नाही. समजा ६ ग्रॅम ताज्या आल्यात १२ मिलिग्रॅम ६-जिंजरॉल आहे आणि वाळवताना त्यातला पाचवा हिस्सा बदलला. उरलं ९.६ मिलिग्रॅम जिंजरॉल. बदललेल्या २.४ चं पाणी निघून गेल्यावर २.२५ मिलिग्रॅम शोगॉल झालं.

स्कोव्हिलच्या मोजणीत शुद्ध ६-जिंजरॉलला ६० हजार आणि ६-शोगॉलला १ लाख ६० हजार देतात. हजार सोडून नुसते ६० आणि १६० घेऊ. ताज्या ६ ग्रॅमचा तिखटपणा १२ गुणिले ६०, म्हणजे ७२०. त्याच आल्याच्या १ ग्रॅम सुंठीचा ५७६ अधिक ३६०, म्हणजे ९३६.

तेव्हा ६ ग्रॅम आल्याला त्याच आल्याची १ ग्रॅम सुंठ अशी तुलना केली तर सुंठ सव्वापट-दीडपटीच्या मध्ये कुठेतरी, इथे १.३ पट. पण ग्रॅमला ग्रॅम धरलं तर ताज्या १ ग्रॅमचे १२० आणि सुंठीच्या १ ग्रॅमचे ९३६, म्हणजे जवळजवळ ८ पट. त्या ८ पटीतली ६ पट नुसतं पाणी गेल्याची. जिंजरॉल बदलल्यामुळे त्यावर जी भर पडली ती ६ वरून पावणेआठपर्यंतची.

"दुप्पट" हा आकडा शुद्ध शोगॉलची शुद्ध जिंजरॉलशी तुलना करून आलेला आहे. तो उचलून सुंठीला लावला की गोंधळ होतो.

---

पानगळ

तेलराळ, मान्य. "सगळं बदलतं" हे मी कुठेतरी वाचून पक्कं धरून बसलो होतो. पण मग उष्णता वाढवली तर जास्त बदलेल ना? ५५ च्या ऐवजी ८० वर वाळवलं तर सुंठ जास्त तिखट व्हायला हवी.

---

भ्रमर

पानगळ, मी केलंय ते, आणि ८० वर नाही, थेट ओव्हनमध्ये १२० वर. वेळ वाचावा म्हणून. तीन तासांत काप गडद तपकिरी झाले, जळक्या साखरेचा वास आला. पूड कडवट झाली आणि तिखटपणा उलट कमी. त्यामुळे तेलराळ यांचा हिशेब मला कागदावरचा वाटतो. ६० आणि १६० अशी बेरीज जिभेवर होते याला पुरावा काय? स्कोव्हिल म्हणजे तरी काय, अर्क पातळ करत करत चाखणाऱ्या माणसांना कधी लागेनासा होतो एवढंच ना.

---

तेलराळ

भ्रमर, बेरजेचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. दोन तिखट द्रव्यं एकत्र आली की त्यांचा परिणाम सरळ बेरजेने वाढतो असं धरता येत नाही. शिवाय आल्यात ८-जिंजरॉल आणि १०-जिंजरॉलही असतात, ते मी हिशेबात घेतलेच नाहीत. माझा हिशेब एवढंच दाखवायला होता की पाण्याचा वाटा मोठा आणि बदलाचा लहान. १.३ ऐवजी १.२ आलं काय किंवा १.५ आलं काय, त्या क्रमात फरक पडत नाही.

तुमच्या १२० अंशांचं. उष्णता वाढवली की शोगॉल वाढतं हे खरं. जपानच्या औषधसंहितेत तर नुसत्या वाळवलेल्या आल्याला शोक्यो आणि वाफवून वाळवलेल्याला कांक्यो अशी दोन वेगळी नावं आहेत आणि ती दोन वेगळी द्रव्यं मानली जातात, कारण वाफवल्याने शोगॉलचं प्रमाण वाढतं. शोगॉल हे नावच मुळी आल्याच्या जपानी नावावरून, शोगा वरून, आलेलं आहे.

पण उष्णता एकच काम करत नाही. जिंजरॉलचा रेणू मधूनच तुटूही शकतो. मग झिंजेरोन तयार होतं, ते गोडसर वासाचं आणि फार सौम्य. शिजवलेलं आलं मवाळ लागतं त्यात त्याचा हात असतो. दुसरं, शोगॉलचा तो नवा दुहेरी बंध त्याला चंचल बनवतो, तो दुसऱ्या रेणूंना जाऊन चिकटतो आणि तिखट राहत नाही. तिसरं, १२० वर आल्यातली साखर आणि अमिनो आम्लं मिळून तपकिरी होतात, कडवटपणा तिथून येतो. तुमच्या ओव्हनमध्ये यातलं कशाने किती नुकसान केलं हे कापांचं पृथक्करण केल्याशिवाय मी सांगू शकणार नाही.

आणखी एक शंका आहे. काप किती जाड होते?

---

भ्रमर

बोटाच्या पेराएवढे असतील, सेंटिमीटरभर. मोडल्यावर मध्यभाग चामड्यासारखा चिवट होता हे आता आठवलं.

---

तेलराळ

मग वाळलेच नव्हते. जाड काप जास्त उष्णतेवर ठेवले की वरचा थर झटकन कडक होतो आणि आतली ओल कोंडते. बाहेरून वाटतं झालं. आत ओल राहिली की बरणीत बुरशी धरते आणि ते धोक्याचं, कारण सुंठीवरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करतात. ती पूड वापरू नका.

वाळलं की नाही ते रंगावरून ठरवू नका. किसणी यांनी केलं तसं मोडून बघा, आणि काटा असेल तर तासाभराच्या अंतराने दोनदा वजन करा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं.

---

ओली माती

मला प्रवासात मळमळ होते, म्हणून मी सुंठीची पूड घेते. संपली की तेवढंच ताजं आलं किसून घेते, पण फरक पडल्यासारखं वाटत नाही. वरचं वाचून आता कळतंय की मी सहापट कमी घेत होते?

---

तेलराळ

ओली माती, ग्रॅमला ग्रॅम बदललंत तर हो, तसंच होत होतं. मळमळीवरच्या चाचण्यांमध्ये बहुतेक ठिकाणी वाळलेल्या आल्याची पूडच दिलेली असते, दिवसाला साधारण १ ग्रॅम. त्यामुळे तो आकडा पुडीचा समजायचा, ताज्या आल्याचा नाही.

पण मळमळ थांबते ती शोगॉलमुळेच, असं मी म्हणणार नाही. पोटात गेल्यावर ही द्रव्यं आतड्यात आणि यकृतात लगेच दुसऱ्या रेणूंना जोडली जातात आणि रक्तात ती बहुतेक त्या जोडलेल्या रूपातच सापडतात. जिभेवर जे जास्त तिखट, ते शरीरात जास्त गुणकारी, असं सरळ गणित नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रोज सुंठ घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

---

मधली वाट

दुधाचं पटलं. आलं आधी उकळून बघितलं, नासलं नाही. आता एक विचारते. ताज्या आल्याच्या पाण्यात लिंबू पिळलं तर आम्लामुळे शोगॉल जास्त होईल का?

---

तेलराळ

कपात नाही. आम्ल आणि उष्णता मिळून हा बदल वेगाने करतात, पण त्यासाठी तीव्र आम्ल आणि बराच वेळ उकळणं लागतं. जिंजरॉल पाण्यात सगळ्यात टिकाऊ असतं ते सामू ४ च्या आसपास. लिंबाने पाणी थोडं आंबट केलंत तर उलट त्याला बरंच वाटेल. आणि पाण्यात हा बदल दोन्ही दिशांनी होतो, शोगॉल पाणी घेऊन परत जिंजरॉलही होऊ शकतं. कोरड्या सुंठीत परत जायला पाणीच नसतं.

---

किसणी

मी आज घरी चाखून बघितलं. तेलराळ यांच्या हिशेबाप्रमाणे एका भांड्यात ६ ग्रॅम किसलेलं आलं आणि दुसऱ्यात १ ग्रॅम पूड घेतली. दोन्हींवर २०० मिलिलिटर उकळतं पाणी ओतलं, १० मिनिटं झाकून ठेवलं आणि कपड्यातून गाळलं. आम्ही चौघं होतो. वासावरून लगेच ओळखू येतं म्हणून नाक चिमटीत धरून आणि डोळे मिटून प्यायलो. पहिल्याची आग पूर्ण विझल्याशिवाय दुसरा घोट घेतला नाही.

दोघांनी सुंठ जास्त तिखट म्हटलं, एकाने आलं, आणि मला फरकच कळला नाही. १.३ पट तरी कळायला हवं होतं ना?

मग न गाळता, ढवळून प्यायलो. या वेळी चौघांनीही सुंठच सांगितली. पण पूड जिभेला खरखरीत लागते त्यावरूनही ओळखली असेल.

---

भ्रमर

म्हणजे कपात गाळून प्यायचं तर दोन्ही सारखंच. एवढ्या रसायनशास्त्राचा शेवट सारखंच असा.

---

तेलराळ

चार जणांच्या एका फेरीवरून तसं म्हणता येणार नाही भ्रमर, पण किसणींना जे दिसलं त्याचं कारण मला पाण्यात दिसतंय. जिंजरॉल पाण्यात फार विरघळत नाही आणि शोगॉल त्याहून कमी. OH निघून गेला ना, पाण्याशी जुळवून घेणारा एक हातच गेला. म्हणजे वाळताना जे जास्त तिखट तयार झालं तेच पाण्यात उतरायला जास्त नाखूश. किसलेल्या आल्याचा रस मात्र किसतानाच बाहेर आलेला असतो, तो सरळ पाण्यात मिसळतो. आमच्याकडे अर्क पाण्याने काढतच नाहीत, अल्कोहोल नाहीतर ॲसिटोन वापरतात, ते याचसाठी.

हे खरं असेल तर गाळून उरलेला चोथा बोलायला हवा. दोन्ही चोथे फेकले नसतील तर चिमूट चिमूट चाखून बघाल का?

---

पानगळ

चोथा चाखेपर्यंत एक विचारतो. माझ्याकडे दीड-दोन वर्षांपूर्वीची पूड आहे, स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर. शोगॉल हळूहळू वाढत असेल तर ती आता आणखी तिखट झाली असणार?

---

तेलराळ

नाही, मंद झाली असणार. साठवणीत जिंजरॉल कमी होत जातं हे खरं, पण जे कमी होतं ते सगळं शोगॉल म्हणून उरत नाही. शोगॉलही हवेने आणि उष्णतेने खर्च होतं. वरच्याच हिशेबात दोन्ही निम्मी झाली असं धरलं तर ९३६ चे ४६८ होतात. म्हणजे ६ ग्रॅम ताज्या आल्याच्या ७२० पेक्षा कमी, पण १ ग्रॅम ताज्याच्या १२० पेक्षा अजूनही चौपट. त्यामुळे जुनी पूड ग्रॅमला ग्रॅम तिखटच लागते आणि बिघडली हे लक्षात येत नाही. वास घेऊन बघा. लिंबासारखा वास मुळातच वाळताना बराचसा जातो, त्यानंतर उबदार, लाकडासारखा वास राहतो. तोही गेला असेल आणि नुसता पिठाचा वास येत असेल तर पूड संपली.

अख्खी सुंठ ठेवा आणि लागेल तेव्हा दळा. पूड झाली की हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. आणि शेगडीवरची जागा तर सोडाच.

---

पानगळ

वास घेतला. पीठच आहे. टाकून दिली.

---

किसणी

चोथे सुदैवाने वाटीतच होते. दोन्ही फडक्यात घट्ट पिळून घेतले, म्हणजे पाणी सारखं राहील.

आल्याचा चोथा बराच फिका लागला. चावत राहिले तर तंतूंमधून थोडं झोंबतं, पण घशापर्यंत जात नाही. सुंठीचा चोथा आधी ओल्या पिठासारखा, आणि मग तीच, पहिल्या दिवशी जिभेवर कोरडी पूड ठेवली तेव्हाची, घशातली आग. थोडी कमी, पण तीच. बाकीच्या तिघांनाही चाखायला दिली, न सांगता. तिघांनीही तोच चोथा उचलला.

त्याच चोथ्यावर परत २०० मिलिलिटर उकळतं पाणी ओतून ठेवलंय.

---

तेलराळ

या वेळी १० मिनिटं नको, मंद आचेवर झाकून अर्धा तास ठेवा. आणि आल्याच्या चोथ्यालाही तेच करा, नाहीतर तुलना राहणार नाही.

---

किसणी

दोन्ही ठेवले. सुंठीच्या पाण्यावर आता बारीक तेलकट तवंग दिसतोय, आल्याच्या पाण्यावर नाही.